आशय, संरचना आणि निकष वैधता: लोकलच्या ताणाचं एक नवं स्केल आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे, आणि उदाहरण कोणतं घेतलंय?

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत मानसशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग किंवा एमबीए करणारी मुलं प्रबंधासाठी स्वतःची प्रश्नावली बनवतात. मेथडॉलॉजीच्या प्रकरणात मग एकच वाक्य असतं: "प्रश्नावलीची वैधता तज्ज्ञांकडून तपासून घेतली." व्हायवाला परीक्षक नेमका तिथे बोट ठेवतो. कोणती वैधता? कशी तपासली? तपासताना काय सापडलं? या तीन प्रश्नांची तयारी व्हावी म्हणून हे पान.

उदाहरण असं. रोज लोकलने कामाला जाणाऱ्यांना प्रवासाचा किती ताण जाणवतो, हे मोजणारं नवं स्केल आपल्याला बनवायचंय. प्रवासी ठाण्यात चढणारे किंवा ठाण्यात गाडी बदलणारे: काही जण दादर-सीएसएमटीकडे जाणारे, काही जण ट्रान्स-हार्बरने ऐरोली, घणसोली, तुर्भे, पनवेलकडे. हे स्केल आणि त्यातले निकालाचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, ते कुठे उद्धृत करू नका. सूत्रं, स्वीकारार्हतेच्या मर्यादा आणि ज्या संशोधकांची नावं येतील ती मात्र खरी आहेत.

सुरुवात प्रश्न लिहिण्यापासून करायची ना?

नाही, व्याख्येपासून. "प्रवासाचा ताण" म्हणजे नक्की काय, हे ठरलं नसेल तर पुढे तज्ज्ञांना विचारायला आणि आकडे तपासायला काही आधारच उरत नाही. आपली व्याख्या अशी धरू: *रोजच्या लोकल प्रवासामुळे गेल्या दोन आठवड्यांत जाणवलेला शारीरिक-मानसिक ताण.* त्याचे तीन भाग केले. पहिला गर्दीचा ताण. दुसरा अनिश्चिततेचा, म्हणजे गाडी वेळेवर येईल का, चढायला मिळेल का ही धाकधूक. तिसरा मागे रेंगाळणारा ताण, जो गाडीतून उतरल्यावरही कामात आणि घरात सोबत येतो.

व्याख्येत काय बसत नाही, तेही लिहून ठेवायचं. प्रवासाला लागणारी मिनिटं म्हणजे ताण नव्हे, ते ताण येण्याचं एक संभाव्य कारण आहे. बदलापूरहून येणारा एखादा माणूस दीड तास मजेत पत्ते खेळत येतो, आणि कळव्याहून ठाण्याला एकच स्टेशन येणारीला दारात लोंबकळून घाम फुटतो. ही रेघ आधी मारली नाही, तर निम्मे प्रश्न परिस्थितीचे आणि निम्मे ताणाचे होतात. असं मिसळलेलं स्केल पुढे कोणत्याही तपासणीत नीट वागत नाही.

आशय वैधता म्हणजे नेमकं काय तपासायचं?

तीन गोष्टी. प्रश्न व्याख्येला धरून आहेत का, व्याख्येतलं काही सुटलंय का, आणि ज्यांनी उत्तरं द्यायची त्यांना प्रश्न आपल्याला अभिप्रेत अर्थानेच कळतात का. पहिल्या गोष्टीसाठी तज्ज्ञ लागतात, तिसरीसाठी प्रवासीच लागतात. दुसरीसाठी दोघंही.

आपण २४ प्रश्न लिहिले. ते ७ तज्ज्ञांना दिले: मानसशास्त्राचे प्राध्यापक, कामगार-आरोग्य पाहणारे डॉक्टर, वाहतुकीवर काम केलेली समाजशास्त्राची अभ्यासक अशी मंडळी. प्रत्येक प्रश्नासोबत व्याख्या आणि भागाचं नाव दिलं. प्रत्येकाने प्रश्न कितपत संबंधित आहे याला १ ते ४ गुण दिले. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे त्या प्रश्नाचा आशय-वैधता निर्देशांक.

```
I-CVI = (3 किंवा 4 देणारे तज्ज्ञ) / (एकूण तज्ज्ञ)
6/7 = 0.86    5/7 = 0.71    4/7 = 0.57
```

लिन यांनी १९८६ मध्ये सुचवलेली मर्यादा आजही वापरली जाते. तज्ज्ञ पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत हवं, सहा किंवा जास्त असतील तर ०.७८. सात तज्ज्ञांत ०.७८ म्हणजे व्यवहारात सातपैकी किमान सहा. "प्रवासाला मला रोज एक तासाहून जास्त लागतो" या प्रश्नाला चौघांनीच ३-४ दिले, म्हणजे ०.५७. तो गेला, आणि योग्य कारणाने गेला: तो परिस्थिती विचारतो, ताण नाही. एकूण पाच प्रश्न गळले, १९ उरले.

माझ्या गाईड मॅडम म्हणतात तीन तज्ज्ञ पुरे. चालेल?

हिशोब करून पाहा. तज्ज्ञ डोळे मिटून "संबंधित / असंबंधित" म्हणतोय असं क्षणभर धरलं, तर तिघांचं "संबंधित" वर एकमत निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता ½ × ½ × ½, म्हणजे साडेबारा टक्के. पाच जणांचं तसं एकमत तीन टक्क्यांच्या आसपास. तिघांचं एकमत स्वस्त पडतं, म्हणून ते फारसं काही सांगत नाही. मॅडमशी वाद घालण्यापेक्षा हा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा.

सगळ्या प्रश्नांची सरासरी ०.९१ आली. मग प्रश्न गाळायची गरज काय?

कारण सरासरीत वाईट प्रश्न झाकले जातात. आपल्या उदाहरणात पाचही कच्चे प्रश्न आत असतानाच सरासरी ०.९१ होती, म्हणजे ०.९० ही नेहमीची मर्यादा ओलांडून झालेली. म्हणून प्रबंधात प्रत्येक प्रश्नाचा आकडा द्या.

आणखी एक घोटाळा नेहमी दिसतो. लॉशे यांचं १९७५ चं आशय-वैधता गुणोत्तर वेगळं आहे. तिथे तज्ज्ञाला "हा प्रश्न अत्यावश्यक आहे का?" असं विचारतात, आणि सूत्रही वेगळं आहे. सातपैकी सहा जण "अत्यावश्यक" म्हणाले तर लॉशेंचं गुणोत्तर (६ − ३.५) ÷ ३.५ = ०.७१ येतं, आणि त्यांच्या तक्त्यात सात तज्ज्ञांसाठी ०.९९ हवं असतं. एकाचा प्रश्न विचारून दुसऱ्याची मर्यादा लावली की निकाल अर्थहीन होतो.

तज्ज्ञांनी पास केल्यावर प्रवाशांना कशाला विचारायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

एक प्रश्न होता: "मला गाडीत बसायला मिळत नाही." सातही तज्ज्ञांनी ४ दिले. निर्देशांक १.००, यापुढे जागाच नाही. मग दहा-बारा प्रवाशांना एकेक करून बसवलं, प्रश्न मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, "हे वाचून तुमच्या डोक्यात काय आलं? उत्तर कसं ठरवलंत?" कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात तो हाच.

ठाण्यातून सीएसएमटीला जाणाऱ्या एका ताईंनी "कधीच नाही" वर खूण केली. म्हणजे आमच्या मोजणीत ताण शून्य. का, विचारलं तर म्हणाल्या, "मला मिळतं की बसायला. मी आधी डाऊनला जाते, डोंबिवलीला. तीच गाडी परत येते, त्यात बसून येते." म्हणजे बसायला मिळावं म्हणून या बाई घरातून बरीच आधी निघतात आणि उलट्या दिशेने प्रवास करतात. ताण इतका की त्यावर तोडगा काढून झालाय, आणि आपला प्रश्न त्यांना सगळ्यात कमी गुण देतो. दुसऱ्या एका तरुणाने "रोज" वर खूण केली आणि हसत सांगितलं की तो मुद्दाम दारात उभा राहतो, वारा लागतो आणि उतरायला सोपं जातं. त्याला बसायचंच नव्हतं.

तज्ज्ञांचं चुकलं असं नाही. प्रश्न व्याख्येशी संबंधितच होता, फक्त उत्तर ताणाच्या उलट दिशेनेही जाऊ शकतं हे ऑफिसच्या टेबलावरून दिसणं कठीण होतं. तो प्रश्न काढला. त्या जागी मुलाखतींतूनच नवा सापडला: "जागा मिळावी म्हणून मला आधीपासून धडपड करावी लागते." महिलांच्या डब्यात शिरल्याशिरल्या "तुम्ही कुठे उतरणार?" असं विचारत फिरणं, चौथ्या सीटवर अर्धं टेकणं, डाऊन जाऊन येणं, सगळं त्यात बसतं. अशाच कारणाने आणखी एक प्रश्न गेला. १९ मधून दोन वजा, एक जमा, म्हणजे १८ प्रश्न.

संरचना वैधता म्हणजे फॅक्टर अॅनालिसिसच ना?

तो एक तुकडा आहे. क्रोनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये मांडलेला मूळ विचार असा: ताण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून "हा खरोखर ताण असेल, तर आकडे असे-असे वागायला हवेत" अशी भाकितं आधी करायची आणि ती खरी ठरतात का ते पाहायचं. प्रश्नांची आपसांतली बांधणी हे एक भाकित. इतर मोजमापांशी नातं हे दुसरं. कोणत्या गटाला जास्त गुण मिळतील हे तिसरं.

बांधणी तपासताना काय निघालं?

३२० प्रवाशांकडून १८ प्रश्न भरून घेतले. उत्तरं पाच पायऱ्यांची असल्यामुळे पॉलिकोरिक सहसंबंध घेतले, आणि फॅक्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या प्रश्नांचे गट, किती ठेवायचे हे पॅरलल अॅनालिसिसने, म्हणजे आपल्या माहितीची यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून, ठरवलं. आयगेनव्हॅल्यू एकपेक्षा मोठी असली की फॅक्टर धरायचा, या जुन्या सवयीने फॅक्टर बहुधा जास्त निघतात.

```r
library(psych)
fa.parallel(d, fa = "fa", cor = "poly")
fa(d, nfactors = 4, rotate = "oblimin", cor = "poly")
```

आपली अपेक्षा तीनची होती, निघाले चार. चौथ्या फॅक्टरमध्ये चार प्रश्न एकत्र आले: एक गर्दीचा, दोन अनिश्चिततेचे, एक रेंगाळणाऱ्या ताणाचा. विषयाने त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. साम्य एवढंच की चारही उलट्या अर्थाचे होते, "गाडी वेळेवर येईल याची मला चिंता नसते" या धर्तीचे. घाईत फॉर्म भरणारा माणूस वाक्याच्या शेवटचं "नसते" वाचायच्या आत खूण करून मोकळा होतो. म्हणजे हा चौथा फॅक्टर ताणाचा नाही, वाक्यरचनेचा आहे.

अशा वेळी काही जण त्याला "सकारात्मक प्रवासानुभव" असं छानसं नाव देऊन प्रबंधात घालतात. तसं करू नका. कोणते प्रश्न एकत्र आलेत ते आधी वाचा, नाव नंतर. आपण तीन प्रश्न सरळ करून लिहिले, चौथा नको इतका गुंतागुंतीचा होता म्हणून काढला. उरले १७. त्यांच्यावर कन्फर्मेटरी अॅनालिसिस, म्हणजे आधी ठरवलेली बांधणी आकड्यांत बसते का याची तपासणी, केलं ते वेगळ्या २८० प्रवाशांच्या माहितीवर. ज्या माहितीतून बांधणी शोधली तिच्यावरच ती सिद्ध करणं म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासणं.

इतर स्केलशी किती सहसंबंध आला तर चांगला? माझा ०.७१ आलाय, खूश व्हायचं का?

कशाशी आला त्यावर आहे. आपल्या उदाहरणात नेमका हाच आकडा आला आणि तो वाईट निघाला.

लोकांना सर्वसाधारण आयुष्यात किती ताण वाटतो हे मोजणारं, आधीपासून वापरात असलेलं एक स्केल सोबत भरून घेतलं. भाकित आधीच लिहून ठेवलं होतं: प्रवासाचा ताण हा एकूण ताणाचा एक भाग असल्यामुळे सहसंबंध असायला हवा, पण दोन्ही एकच नाहीत. म्हणून प्रत्येक भागासाठी ०.३० ते ०.६० च्या मध्ये. निघालं असं: गर्दीचा ताण ०.३४, अनिश्चिततेचा ०.४६, रेंगाळणारा ताण ०.७१.

०.७१ अजून एकपासून लांब आहे असं वाटेल. पण दोन्ही मोजमापांत थोडी चूक असते आणि ती चूक सहसंबंध खाली खेचते. स्पिअरमन यांची १९०४ पासूनची दुरुस्ती लावून पाहा. आपल्या भागाची विश्वसनीयता ०.८५ आणि त्या स्केलची ०.८२ धरली तर:

```
0.71 / sqrt(0.85 * 0.82) = 0.71 / 0.835 = 0.85
```

मोजमापाची चूक बाजूला काढली तर दोन्ही जवळजवळ एकच गोष्ट मोजतायत. मग या भागातले प्रश्न परत वाचले. "मी घरच्यांवर चिडतो." "रात्री झोप नीट लागत नाही." यात प्रवास कुठे आहे? पाठ दुखणाऱ्याला, कर्ज झालेल्याला, मुलीच्या दहावीची काळजी असलेल्याला हे सगळं होतंच. तज्ज्ञांच्या फॉर्मवर वर व्याख्या छापलेली होती, त्यामुळे त्यांनी मनातल्या मनात "प्रवासामुळे" जोडून वाचलं. प्रवाशाच्या हातातल्या फॉर्मवर ती व्याख्या नव्हती.

प्रश्न असे झाले: "प्रवास करून घरी आल्यावर पहिला अर्धा तास कोणी बोललं तरी मला चीड येते." पुढच्या २८० जणांच्या माहितीत, म्हणजे कन्फर्मेटरी तपासणीच्याच फेरीत, हा सहसंबंध ०.५२ वर उतरला. सर्वसाधारणपणे सहसंबंध वाढला की आनंद होतो. इथे तो कमी झाला हीच सुधारणा होती. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये आग्रहाने मांडलं ते हेच: जिथे नातं हवं तिथे ते दिसायला हवं, आणि जे वेगळं असायला हवं त्यापासून अंतरही दिसायला हवं. प्रबंधांत पहिला अर्धा भाग भरभरून असतो, दुसरा गायब.

गटांची तुलना कशी करायची?

ज्या गटांत फरक असणार हे आधीपासून माहीत आहे ते घ्या, पण सोपे गट घेऊ नका. ठाण्यात नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरची गाडी सुटते, ती तिथूनच भरते, त्यामुळे जागा मिळण्याची शक्यता बरी. सीएसएमटीकडे जाणाऱ्या बऱ्याचशा गाड्या कल्याणच्या बाजूने भरूनच ठाण्यात येतात. म्हणून गर्दीच्या भागात दुसऱ्या गटाचे गुण जास्त यायला हवेत.

इथे एक खाच आहे. ठाणे-ऐरोली आणि ठाणे-सीएसएमटी घेतलं तर गर्दीबरोबर प्रवासाचा वेळही बदलतो, आणि फरक कशामुळे आला ते कळत नाही. म्हणून ठाणे-पनवेल आणि ठाणे-सीएसएमटी घेतले, दोन्ही साधारण तासाभराचे. गर्दीच्या भागात सरासरी २.४ आणि ३.३ आली, प्रमाण विचलन ०.९, म्हणजे एका पूर्ण विचलनाचा फरक. अनिश्चिततेत फरक किरकोळ. भाकितही तसंच होतं, कारण गाडी लेट होण्याची धाकधूक दोन्हीकडे आहे. तीनही भागांत सारखाच मोठा फरक आला असता तर मला शंका आली असती की एक गट एकूणच कुरकुऱ्या आहे.

गर्दी म्हणजे डब्यात किती माणसं, एवढाही साधा प्रकार नाही. इव्हान्स आणि वेनर यांनी २००७ मध्ये न्यू जर्सीहून मॅनहॅटनला ट्रेनने जाणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ताणाशी नातं दिसलं ते पूर्ण डब्यातल्या गर्दीचं नाही, तर माणूस बसला होता त्या लगतच्या सीटांवरच्या दाटीचं. आपल्याकडची गर्दी त्यांच्या कल्पनेपलीकडची, पण प्रश्न लिहिताना "डब्यात गर्दी असते" यापेक्षा "अंगाला अंग लागून उभं राहावं लागतं" हे जास्त नेमकं, एवढा धडा घेता येतो.

निकष वैधतेसाठी कॉर्टिसोल तपासू का? लाळेतून होतं म्हणतात.

करा, पण त्याला सुवर्णमानक म्हणू नका. कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक दिवसाच्या वेळेनुसार, झोपेनुसार, चहा-कॉफीनुसार बदलतं. स्केल आणि कॉर्टिसोल जुळलं नाही तर चुकलं कोण, हे ठरवता येत नाही. ज्याच्यापुढे मोजमापाने मान तुकवायची, तोच खरा निकष. प्रवासाच्या ताणाला असा निकष अस्तित्वात नाही. कॉर्टिसोलचा निकाल संरचना वैधतेत एक भाकित म्हणून घाला, तिथे तो शोभतो.

मग निकष वैधता सोडूनच द्यायची?

दोन ठिकाणी ती खरोखर लागते.

एक, स्केल छोटं करताना. १७ प्रश्नांचं ६ प्रश्नांचं रूप केलं तर १७ प्रश्नांचं मूळ स्केल हाच निकष. पण दोन्ही गुण एकाच बैठकीतल्या उत्तरांतून काढले, तर तेच सहा प्रश्न दोन्हीकडे मोजले जातात आणि सहसंबंध फुगतो. छोटं रूप स्वतंत्रपणे, काही दिवसांच्या अंतराने भरून घ्या.

दोन, स्केलवरून पुढची एखादी घटना ओळखायची असेल तेव्हा. समजा ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एका ऑफिसला कळायला हवंय की पुढच्या सहा महिन्यांत कोण शिफ्ट बदलून किंवा घरून काम मागेल. २०० कर्मचाऱ्यांनी स्केल भरलं, सहा महिन्यांनी नोंदी पाहिल्या. ४० जणांनी अर्ज केला होता. गुण ३.२ किंवा जास्त असलेल्यांना "जास्त ताण" धरलं, तर:

| | अर्ज केला | केला नाही |
|---|---|---|
| ३.२ आणि वर | २८ | ३२ |
| ३.२ च्या खाली | १२ | १२८ |

अर्ज करणाऱ्या ४० पैकी २८ ओळखता आले, म्हणजे ७० टक्के. न करणाऱ्या १६० पैकी १२८ बरोबर सुटले, म्हणजे ८० टक्के. पण ज्या ६० जणांवर आपण बोट ठेवलं त्यांतल्या २८ जणांनीच अर्ज केला, म्हणजे ४७ टक्के. हेच स्केल अशा ऑफिसात नेलं जिथे २०० पैकी जेमतेम १० अर्ज येतात, तर ७ बरोबर सापडतील आणि ३८ उगाच. बोट ठेवलेल्या ४५ पैकी जवळपास १६ टक्के. स्केल तेच, मर्यादा तीच, फक्त घटना विरळ झाली. म्हणून ७० आणि ८० टक्के बघून "आमचं स्केल भाकित करतं" असं लिहिताना तिसरा आकडाही द्या.

लेट मार्क हा निकष जास्त सोपा नाही का? बायोमेट्रिकमधून लगेच मिळतो.

लगेच मिळतो हाच त्याचा एकमेव गुण. दिवा-मुंब्र्याच्या मध्ये सिग्नल बिघडला की त्या गाडीतल्या सगळ्यांना लेट मार्क, ताण असो वा नसो. शिवाय जास्त ताण घेणारा माणूस बहुधा दोन गाड्या आधीचीच पकडतो. निकष वाईट असेल तर चांगलं स्केलही नापास होतं.

निकष बाटतो कसा, तेही पाहा. स्केलचे गुण मॅनेजरच्या हाती पडले आणि जास्त गुणवाल्यांना त्यानेच "अर्ज टाका, मंजूर करतो" म्हटलं, तर सहसंबंध जबरदस्त येणार आणि तो पोकळ असणार. म्हणून सहा महिने गुण कोणाला दाखवायचे नाहीत. कर्मचाऱ्यांची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगीही आधी, कारण इथे नावानिशी नोंदी जोडल्या जातात.

आणि ज्यांना प्रवास खरोखर असह्य झाला ते नोकरी सोडून गेले किंवा कोपरखैरण्यात भाड्याने राहायला आले. ते तुमच्या २०० मध्ये नाहीतच. उरलेल्यांच्या गुणांचा पल्ला आखडतो आणि सहसंबंध असायला हवा त्यापेक्षा कमी दिसतो.

कन्व्हर्जंट आणि कॉन्करंट यांत फरक काय? व्हायवाला हमखास विचारतात.

गणित एकच, सहसंबंधाचं. फरक दुसऱ्या बाजूला काय ठेवलंय याचा. दुसरं मोजमाप आपल्यासारखंच अपूर्ण असेल आणि दोघांचं जुळणं हे केवळ एक भाकित असेल तर कन्व्हर्जंट, म्हणजे संरचनेचा पुरावा. दुसरं मोजमाप अधिकृत निकष असेल आणि त्याच वेळी घेतलं असेल तर कॉन्करंट, म्हणजे निकषाचा. सर्वसाधारण ताणाच्या स्केलशी आलेल्या सहसंबंधाला "कॉन्करंट" म्हटलं, तर परीक्षक विचारेल, "तो निकष कोणी ठरवला?"

तीन प्रकार आता जुने झाले, वैधता एकच असते, असं ऐकलं. खरं?

मेसिक यांनी १९८९ मध्ये तसं जोरकसपणे मांडलं. अमेरिकेतल्या तीन संघटनांनी मिळून काढलेल्या चाचण्यांच्या मानकांमध्ये, २०१४ च्या आवृत्तीतही, वैधतेचे "प्रकार" नसून पुराव्याचे "स्रोत" आहेत. वैधता स्केलची नसते, गुणांचा जो अर्थ आणि वापर आपण करतो त्याची असते. आपल्याकडचे बहुतेक अभ्यासक्रम अजून तीन नावांनीच चालतात, आणि त्याने फार बिघडत नाही, जोपर्यंत प्रबंधात "हे स्केल वैध आहे" असं न लिहिता "ठाण्यातून लोकलने प्रवास करणाऱ्या प्रौढांमध्ये गटांची तुलना करण्यासाठी या गुणांना पुढील आधार मिळाला" असं लिहिता.

विश्वसनीयता ०.९३ आलीये, मग वैधता आपोआप नाही का?

नाही. एकच प्रश्न सतरा तऱ्हांनी विचारला तरी अल्फा ०.९३ येतो. रेंगाळणाऱ्या ताणाच्या बिघडलेल्या भागाची विश्वसनीयताही ०.८५ होती, विसरू नका.

हेच स्केल घोडबंदर रोडच्या बसप्रवाशांना लावता येईल का?

जसंच्या तसं नाही. गर्दीचे प्रश्न बहुतेक चालतील. अनिश्चिततेचे चालणार नाहीत, कारण लोकलवाल्याची धाकधूक ठरलेल्या वेळेभोवती असते, "८.१२ गेली की ८.२०", आणि बसवाल्याची वाहतूक कोंडीभोवती. "जागा मिळावी म्हणून धडपड" याचा अर्थही बसस्टॉपवरच्या रांगेत वेगळा होतो. म्हणून आठ-दहा बसप्रवाशांच्या मुलाखती पुन्हा, अनिश्चिततेच्या भागाला दोन-तीन नवे प्रश्न, ते तज्ज्ञांकडून पुन्हा, आणि बांधणी नव्या माहितीवर पुन्हा. शिफ्टच्या अर्जाची ३.२ ही मर्यादा तर मुळीच उचलायची नाही. ती त्या एका ऑफिसच्या २०० माणसांतून आलेली आहे.